नंबर खांद्यावरून, वाढ छातीवर

पाश्चात्य धर्तीच्या अंगासरशा ब्लाऊजचा तयार पॅटर्न घेतला की बहुतेक जणी एकच गोष्ट करतात. पाकिटाच्या मागच्या तक्त्यात आपलं छातीचं माप शोधतात आणि त्याच्यासमोर जो नंबर असेल तो कापतात. ज्यांची छाती बेताची आहे त्यांचं यात काही बिघडत नाही. छाती भरदार असेल तर मात्र शिवून झाल्यावर एक ठरावीक चित्र दिसतं. ब्लाऊज छातीवर कसाबसा बसतो, खांद्याची शिवण दंडावर उतरते, गळा मोठा होतो, मुंढ्याखाली कापडाची घडी लोंबते आणि पाठीवर नको तेवढं कापड जमा होतं. मग पुढच्या वेळी एक नंबर लहान घेतला जातो. आता खांदे छान बसतात, पण छातीवरच्या दोन बटणांच्या मधे फट पडते आणि पुढचा काठ मागच्यापेक्षा वर चढतो. या दोन नंबरांच्या मधे कितीही फिरलं तरी उत्तर मिळत नाही, कारण ते तिथे नाहीच.

ते का नाही, हे समजायला पॅटर्नचे नंबर कसे वाढतात ते पाहावं लागतं. एबेनेझर बटरिक हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी. १८६३ साली त्याने नंबरवार कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. एका मापावर नमुना बेतायचा आणि त्यावरून बाकीची मापं ठरावीक वाढीने काढायची, ही त्यातली मुख्य कल्पना आजही तशीच आहे. बटरिक, व्होग, मॅकॉल्स आणि सिम्प्लिसिटी या चारही नावांच्या पॅटर्नमध्ये नंबर वाढला की सगळंच वाढतं: छाती, गळा, खांदा, मुंढ्याची खोली, पाठ, बाही. छाती दोन इंचांनी वाढली म्हणून बाईचे खांदे रुंद होत नाहीत, पण नंबर वाढवला की पॅटर्नचे खांदे रुंद होतातच.

दुसरी गोष्ट पाकिटावर ठळक लिहिलेली नसते. हे पॅटर्न बी कप गृहीत धरून बेतलेले असतात. म्हणजे काखेखालून, छातीच्या उभाराच्या वरून घेतलेला घेर आणि छातीच्या सर्वांत भरलेल्या जागी घेतलेला घेर यांत दोन इंचांचा फरक धरलेला असतो. पहिल्याला आपण वरची छाती म्हणू, दुसऱ्याला पूर्ण छाती. फरक तीन इंच असेल तर तो साधारण सी कप, चार इंच असेल तर डी. दोन इंचांहून जास्त फरक असलेल्या बाईने पूर्ण छातीवरून नंबर निवडला, तर ती आपल्या हाडापेराहून मोठ्या बाईचा ब्लाऊज शिवत असते.

यावरचा उपाय म्हणजे फुल बस्ट ॲडजस्टमेंट. शिवणकाम करणाऱ्या जगभरच्या बायका त्याला थोडक्यात एफबीए म्हणतात. नंबर अंगाच्या चौकटीवरून, म्हणजे वरच्या छातीवरून आणि खांद्यावरून निवडायचा आणि जादा लागणारं कापड फक्त पुढच्या भागात, फक्त छातीच्या जागी घालायचं. गळा, खांदा, मुंढा, पाठ आणि बाही यांना हात लावायचा नाही. उलटा मार्ग धरता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. मोठा नंबर घेऊन खांदा आणि मुंढा आत घेत बसणं फार किचकट आहे, कारण तिथे गळा, बाही आणि पाठ अशा तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. छाती वाढवणं त्या मानाने दोन-तीन रेघांचं काम आहे.

आता एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. माझ्या मावसबहिणीची मापं अशी: वरची छाती ३४ इंच, पूर्ण छाती ३८, कंबर २९, सीट ४०. खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची साडेदहा इंच आणि दोन टोकांमधलं अंतर आठ इंच. पॅटर्न पुढे बटणं असलेल्या, सीटपर्यंत येणाऱ्या ब्लाऊजचा. बाजूच्या शिवणीतून छातीकडे जाणारा एक आडवा टक आणि कमरेवर दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा एक उभा टक. या पॅटर्नच्या तक्त्यात १२ नंबरची छाती ३४, १४ नंबरची ३६ आणि १६ नंबरची ३८ इंच आहे.

पूर्ण छातीवर गेलो तर १६ नंबर येतो, आणि तो चुकीचा आहे हे वर आलंच. पण मग १२ की १४? इथे दोन रीती प्रचलित आहेत आणि पुस्तकं वाचणाऱ्या बायकांचा बहुतेक गोंधळ या जागी होतो. अमेरिकेत पॅटी पामर आणि मार्टा आल्टो यांच्या ‘फिट फॉर रिअल पीपल’ या १९९८च्या पुस्तकातून जी पद्धत घरोघर गेली, ती सांगते की वरच्या छातीचं माप घ्या आणि तेच तक्त्यातल्या छातीच्या रकान्यात शोधा. त्या हिशोबाने ३४ म्हणजे १२ नंबर. दुसरी रीत असा विचार करते: तक्ता बी कपचा आहे, म्हणजे ज्या बाईची वरची छाती ३४ तिची पूर्ण छाती त्यांनी ३६ धरली असणार, म्हणून १४ नंबर. कागदावर दुसरी रीत जास्त तर्काला धरून आहे. पहिली रीत अरुंद खांद्याच्या आणि बारीक पाठीच्या बायकांना मानवते, कारण ती मुद्दाम एक पायरी खाली उतरते.

निर्णय खांद्यावर करावा. पॅटर्नच्या पुढच्या आणि मागच्या भागाचे कागद खांद्याला आणि बाजूला टाचण्यांनी जोडून अर्ध्या अंगावर चढवायचे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर येते का, मुंढा काखेत न टोचता बसतो का आणि पाठीच्या मध्यावर कागद ओढल्याशिवाय पोहोचतो का, एवढं बघायचं. पुढचा कागद छातीच्या मध्यरेषेपर्यंत पोहोचणार नाही, आणि तो पोहोचू नयेच. मावसबहिणीला १४ नंबरचा खांदा नेमका बसला, १२चा अर्धा बोट आत राहिला. म्हणून १४.

आता किती वाढवायचं? पूर्ण छाती ३८, पॅटर्नने धरलेली छाती ३६, फरक दोन इंच. पण पॅटर्नचा पुढचा भाग हा अंगाचा अर्धा भाग असतो; कापड दुहेरी ठेवून त्याचे दोन तुकडे निघतात. म्हणून कागदावर वाढ एकच इंच. नवशिक्या बायका या एका भागाकाराला विसरतात आणि दुप्पट वाढ करून बसतात. मग ब्लाऊजच्या पुढे पिशवी तयार होते आणि ही पद्धतच चुकीची असा समज होतो.

एक शंका इथे रास्त आहे. पॅटर्नच्या कागदावर तयार ब्लाऊजचं माप छापलेलं असतं आणि ते छातीच्या मापाहून तीन-चार इंचांनी जास्तच असतं. मग ते जादा कापड वापरून भागणार नाही का? भागणार नाही. ते कापड हात हलवायला, श्वास घ्यायला आणि बसायला ठेवलेलं असतं. विणलेल्या, न ताणणाऱ्या कापडाच्या अंगासरशा ब्लाऊजमध्ये तीन ते चार इंच ढिलाई हा या कंपन्यांचा नेहमीचा हिशोब आहे. ती छातीने खाल्ली की ब्लाऊज बसतो, पण हात पुढे केला की बटण उघडतं. म्हणून तुलना नेहमी अंगाच्या मापाची तक्त्यातल्या अंगाच्या मापाशी करायची, तयार ब्लाऊजच्या मापाशी नाही.

कात्री हातात घेण्याआधी टकाची उंची तपासायची. पॅटर्नवर छातीचं टोक बहुधा वर्तुळात फुली काढून दाखवलेलं असतं. आपल्या पॅटर्नवर ते खांद्यापासून दहा इंचांवर आहे आणि मावसबहिणीचं साडेदहा. म्हणजे टक अर्धा इंच खाली न्यायला हवा. हे आधी करायचं, वाढ नंतर. टकाभोवती एक चौकोन आखून तो कापून काढायचा, सरळ खाली अर्धा इंच सरकवायचा आणि चिकटपट्टीने बसवायचा. वर उरलेली फट कागद लावून भरायची आणि बाजूची रेघ पुन्हा सरळ जोडून घ्यायची. उलट्या क्रमाने केलं, तर वाढ चुकीच्या उंचीवर होते आणि ती नंतर खाली आणता येत नाही.

मूळ कागदावर कात्री चालवू नये. मऊ, पातळ कागदावरून अगदी कोमट कोरडी इस्त्री फिरवायची, बटर पेपरवर पुढचा भाग उतरवून घ्यायचा आणि शिवणीची रेघ आतल्या बाजूला दीड सेंटिमीटर, म्हणजे पाच अष्टमांश इंच, आखून घ्यायची. या चारही नावांच्या पॅटर्नमध्ये शिवणीची माया एवढीच असते. ही आतली रेघ आखणं आळसाने टाळलं जातं आणि पुढचा सगळा खेळ तिच्यावर आहे.

आता तीन रेघा. पहिली रेघ छातीच्या टोकापासून सरळ खाली काठापर्यंत, मध्यरेषेला समांतर. तीच रेघ टोकापासून वर तिरकी न्यायची, मुंढ्याच्या शिवणीला तिच्या खालच्या तिसऱ्या भागात कुठेतरी भेटेल अशी. बाही जोडण्याची जी खूण मुंढ्यावर असते तिच्या आसपास. दुसरी रेघ बाजूच्या टकाच्या मध्यातून छातीच्या टोकापर्यंत. तिसरी रेघ नंतर लागेल. ती छातीच्या टोकाच्या खाली, मध्यरेषेपासून पहिल्या रेघेपर्यंत आडवी.

पहिल्या रेघेवर काठापासून कापत वर जायचं, छातीच्या टोकाशी वळायचं आणि मुंढ्याच्या शिवणीपर्यंत जाऊन थांबायचं. शिवणीच्या रेघेवर केसभर कागद न कापता ठेवायचा. मग मुंढ्याच्या बाहेरच्या काठावरून आत, त्याच जागेपर्यंत एक छोटा काप द्यायचा. आता कागद त्या एका बिंदूवर बिजागरीसारखा फिरतो. दुसरी रेघ बाजूकडून कापत छातीच्या टोकापर्यंत आणायची आणि तिथेही केसभर कागद ठेवायचा. ही दुसरी बिजागरी. पहिली बिजागरी शिवणीच्या रेघेवरच हवी, कागदाच्या काठावर नको. ती शिवणीवर असली की कागद कितीही फिरवला तरी मुंढ्याच्या शिवणीची लांबी बदलत नाही, आणि म्हणून बाहीला हात लावावा लागत नाही. ती काठावर ठेवली, तर शिवणीच्या रेघेवर मुंढा लांब होतो आणि बाही जोडताना कापड उरतं.

मग खालचा बाहेरचा तुकडा, म्हणजे बाजूच्या शिवणीचा, बाहेर सरकवायचा. पहिल्या रेघेच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर ठेवायच्या आणि त्यांच्यात एक इंचाचं अंतर आणायचं. हात जरा आवरून काम केलं तर दोन गोष्टी आपोआप घडताना दिसतात. बाजूचा टक उघडत जातो, आणि बाहेरचा तुकडा नुसता बाहेर जात नाही, खालीही उतरतो.

एफबीएचं मर्म या दुसऱ्या गोष्टीत आहे. भरदार छातीवरून कापड जायचं तर ते रुंदीला जास्त लागतंच, पण खांद्यापासून कमरेपर्यंतच्या उभ्या अंतरातही जास्त लागतं, कारण त्याला उभार चढून उतरायचं असतं. बाजूला नुसतं कापड वाढवणाऱ्या बाईचा ब्लाऊज रुंदीला पुरतो, तरी पुढचा काठ वर का चढतो, याचं उत्तर हे आहे. मुंढ्याकडे जाणारी रेघ तिरकी असल्यामुळे तुकडा बिजागरीभोवती फिरताना बाहेर आणि खाली असा दोन्हीकडे जातो. रेघ जितकी जास्त तिरकी, तितकी लांबी जास्त मिळते. आपल्या उदाहरणात एक इंच रुंदीबरोबर पाऊण इंचाहून थोडी जास्त लांबी मिळाली.

बाहेरचा तुकडा खाली उतरला, पण मध्यरेषेकडचा तुकडा अजून मूळ जागीच आहे, त्यामुळे काठाला पायरी दिसते. आता तिसऱ्या रेघेवर कापायचं आणि मध्यरेषेकडचा खालचा तुकडा सरळ खाली उतरवून काठ एका ओळीत आणायचा. मध्यरेषा मोडता कामा नये. पट्टी लावून तपासून घ्यायचं. सगळ्या फटींखाली कागद सरकवायचा आणि चिकटवायचं.

टक पुन्हा आखायला हवा. मूळचा एक इंचाचा टक आता जवळजवळ अडीच इंचांचा झाला आहे. आधी छातीचं टोक नव्याने ठरवायचं: दोन टोकांमधलं अंतर आठ इंच, म्हणून मध्यरेषेपासून चार इंचांवर. मध्यरेषा म्हणजे बटणपट्टीचा काठ नव्हे, बटणं जिथे बसतात ती रेघ. टकाचं टोक छातीच्या टोकापर्यंत न्यायचं नाही, त्याच्या इंच-दीड इंच अलीकडे थांबवायचं. छाती भरदार असेल तर दीड बरं. टोकापर्यंत नेलेला टक अंगावर अणकुचीदार दिसतो. दोन्ही पाय आखले की कागदाचा टक शिवल्यासारखा घडी घालून खाली दुमडायचा आणि त्या घडीवरूनच बाजूची रेघ कापायची. उघडल्यावर टकाच्या तोंडाशी जे टोकदार कंगोरे दिसतात ते असेच हवेत. ते नीटनेटके दिसावेत म्हणून सरळ कापले, तर टक शिवल्यावर बाजूच्या शिवणीत कापड कमी पडतं.

मग एक तपासणी, जी कधीही गाळू नये. टक मिटवून पुढच्या भागाची बाजूची शिवण मोजायची आणि मागच्या भागाच्या बाजूच्या शिवणीशी ताडून बघायची. दोन्ही सारख्याच यायला हव्यात, कारण वाढलेली सगळी लांबी टकाने बाजूला गिळलेली असते. ती फक्त मध्यरेषेकडे उरते. फरक आला तर समजावं की पहिल्या रेघेच्या कडा समांतर राहिल्या नव्हत्या किंवा टकाचे पाय असमान आखले गेले. मुंढ्याची शिवणही मोजावी. ती मूळच्या एवढीच भरली पाहिजे.

एक इंच छातीवर वाढवला, पण पहिली रेघ काठापर्यंत कापल्यामुळे तो कमरेवर आणि सीटवरही वाढला आहे. म्हणजे पूर्ण घेरात दोन इंच. १४ नंबरची कंबर २८, आता ३० झाली, मावसबहिणीची २९. उरलेला एक इंच दोन्ही बाजूंच्या उभ्या टकांत अर्धा-अर्धा घालायचा, म्हणजे टक कमरेशी अर्धा इंच जास्त रुंद आखायचा आणि दोन्हीकडे मूळच्याच टोकांना निमुळता न्यायचा. सीटला तक्त्यात ३८ होते, दोन वाढून ४० झाले, तिथे काहीच करायचं नाही. कंबर याहून बारीक असती तर उभा टक आणखी खोल करता आला असता, आणि पोट सुटलेल्या बाईला तर हा वाढलेला घेर तसाच ठेवणं सोयीचं पडतं. बाजूच्या शिवणीतून कापड काढून कंबर बारीक करण्याचा मोह मात्र आवरावा. तिथे कापड काढलं की पुढचा भाग मागे ओढला जातो आणि बाजूची शिवण सरळ खाली न पडता वळते.

कागद झाला म्हणून चांगल्या कापडावर जायचं नाही. मांजरपाट धुऊन, इस्त्री करून घ्यायचा आणि त्यावर ब्लाऊज एका बाहीसकट लांब टिपेने शिवायचा. टिपेच्या शेवटी टकाचं टोक नीट यावं म्हणून शेवटचे तीन-चार टाके कापडाच्या घडीच्या अगदी काठावरून घालायचे, उलट टीप न मारता दोऱ्यांना हाताने गाठ मारायची. आडवा टक खाली पाडून इस्त्री करायचा, पण सपाट टेबलावर नको. घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवून केली की छातीचा उभार कापडात राहतो.

आता आरशासमोर, या ब्लाऊजखाली जी घालायची तीच ब्रा घालून. ब्रा बदलली की पूर्ण छाती इंच-दीड इंचाने सहज बदलते आणि टोकाची उंचीही बदलते, म्हणून माप घेताना आणि घालून बघताना एकच हवी. मग सुरकुत्या वाचायच्या. छातीच्या टोकापासून मुंढ्याकडे किंवा बाजूकडे ताणलेल्या तिरक्या रेघा गेल्या असतील, तर वाढ कमी पडली. पाव इंच आणखी लागेल. छातीच्या वरून खाली उभ्या, लोंबणाऱ्या घड्या पडत असतील, तर वाढ जास्त झाली. पुढचा काठ आडवा न राहता मध्यावर वर चढला असेल, तर लांबी कमी मिळाली. मुंढ्याकडची रेघ फार उभी आखली होती किंवा तिसरी रेघ विसरली. सगळं बसलं आहे, पण टकाचं टोक छातीच्या खाली किंवा वर येतं, तर उंची चुकली; तेवढा टक सरकवून पुन्हा बघायचं. मुंढा पुढे उघडा पडत असेल तर बायका लगेच मुंढा कापायला धावतात, तो कापू नये. कापड छातीवरून पुरत नाही म्हणून मुंढ्याकडून ओढलं जातं, आणि छातीला पाव इंच दिलं की तो बहुधा आपोआप बसतो.

बटणांची जागाही या टप्प्यावर बघायची. मध्यरेषा लांब झाली आहे, त्यामुळे पॅटर्नवरच्या जुन्या खुणा उपयोगाच्या नाहीत. एक बटण छातीच्या टोकाच्या नेमक्या उंचीवर आधी लावायचं आणि बाकीची त्यापासून वर-खाली समान अंतरावर. वाढ अगदी बरोबर असूनही बटणांमधे फट पडते ती बऱ्याचदा याच चुकीमुळे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. कागदावर दीड-दोन इंचांपुढे वाढ लागली, तर एकाच टकात एवढं कापड मावत नाही. तीन इंचांहून रुंद झालेला टक नीट इस्त्री होत नाही आणि अंगावर शंकूसारखा उभा राहतो. अशा वेळी तो दोन टकांत वाटायचा, एक थोडा वर आणि एक थोडा खाली, दोघांची टोकं एकमेकांपासून थोडी दूर. किंवा त्यातला काही भाग उभ्या टकाकडे वळवायचा. चौकटीच्या आणि पट्ट्यांच्या कापडावर मोठ्या टकाशी रेघा मोडतात आणि ते लपत नाही. तिथे साधं कापड घ्यावं किंवा प्रिन्सेस कटचा पॅटर्न निवडावा. प्रिन्सेस कटमध्ये टक शिवणीतच असतो, वाढ बाजूच्या तुकड्यात घालता येते आणि दिसतही नाही. काही पॅटर्नमध्ये ए पासून डी कपपर्यंतचे वेगवेगळे पुढचे भाग छापलेले असतात. ते मिळाले तर जरूर घ्यावेत, पण नंबर तिथेही वरच्या छातीवरूनच निवडायचा.

आपल्याकडच्या साडीच्या ब्लाऊजशी याचा संबंध थेट आहे. चांगला शिंपी अंगावर माप घेतो, टकांची उंची आणि अंतर मोजतो, त्यामुळे त्याला हा खटाटोप करावा लागत नाही. पण शिवणसामानाच्या दुकानातून ३२, ३४, ३६ असे नंबर घातलेली ब्लाऊजची पेपर कटिंग घेऊन घरी शिवणाऱ्या बायकांचं दुखणं नेमकं हेच आहे. तिथे तर ढिलाई जवळजवळ नसते आणि ब्लाऊज छातीच्या खालीच संपतो, त्यामुळे लांबी पाऊण इंच कमी पडली तर खालची पट्टी छातीवर चढते. त्या कटिंगवरही हाच उपाय चालतो: नंबर खांद्यावरून आणि वरच्या छातीवरून, वाढ फक्त पुढच्या भागात. चार टकांच्या ब्लाऊजमध्ये मिळालेलं जादा कापड एका टकात न कोंबता खालच्या आणि बाजूच्या टकांत वाटायचं.

मांजरपाटावर ब्लाऊज नीट बसला की बदललेल्या कागदावर तारीख, अंगाची मापं, मूळ नंबर आणि किती वाढवलं ते पेन्सिलीने लिहून ठेवा. याच चार नावांच्या दुसऱ्या ब्लाऊजला सुरुवात तेवढ्याच वाढीने करता येते. बुर्डा मासिकातल्या पॅटर्नला मात्र ही मापं जशीच्या तशी लावू नका. आधी त्यांचा तक्ता पाहा, आणि लक्षात ठेवा की त्यांच्या छापील रेघेत शिवणीची माया धरलेली नसते. तिथे छापलेली रेघ हीच शिवणीची रेघ, आणि मुंढ्यावरची बिजागरी तिच्यावरच ठेवायची.